ब्रेक-इव्हन ओलांडूनही तोटा का होतो?

प्रतिक्रिया: "तुमच्या लेखातल्या सूत्राने माझ्या रेस्टॉरंटचा ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी विक्री, महिन्याला 4,00,000 आला. स्थिर खर्च 2,40,000 आणि बदलता खर्च विक्रीच्या 40 टक्के. गेल्या महिन्यात 4,50,000 विक्री झाली, तरी 24,000 तोटा! ही सूत्रं कागदावरच ठीक आहेत. आमची 40 टक्के विक्री डिलिव्हरी ॲपवरून होते, तिथे 25 टक्के कमिशन आणि 5 टक्के पॅकिंग जातं, हे तुमच्या लेखात कुठे आहे?"

उत्तर: लेखात ते नाही, आणि असायला हवं होतं. सगळ्या विक्रीला एकच टक्का लावला, ही लेखातली चूक. सूत्र, म्हणजे स्थिर खर्चाला विक्रीतून बदलता खर्च जाऊन उरणाऱ्या वाट्याने भागणं, मात्र तुमच्या आकड्यांवरही बरोबर चालतं.

स्थिर खर्च भागवायला प्रत्येक शंभरामागे जे उरतं ते कॉन्ट्रिब्युशन. टेबलावरच्या शंभरात तुमच्याकडे 60 उरतात. ॲपवरच्या शंभरातून कमिशन आणि पॅकिंगचे 30 आणखी जातात, म्हणून 30च उरतात. आता विक्रीच्या वाट्याप्रमाणे सरासरी काढा: 60 चे 60 टक्के म्हणजे 36, 30 चे 40 टक्के म्हणजे 12, एकूण 48. स्थिर खर्च 2,40,000 ला 0.48 ने भागा. खरा ब्रेक-इव्हन 5,00,000 येतो. तुम्ही त्याच्या 50,000 खाली होतात, आणि 50,000 चे 48 टक्के म्हणजे बरोबर 24,000. तुमचा तोटा तोच आहे.

मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणजे विक्री किती घसरली तरी तोटा होणार नाही, याचं माप. समजा विक्री 6,00,000 झाली. ब्रेक-इव्हनच्या वर 1,00,000 आहेत, म्हणजे विक्रीच्या 16.7 टक्के, आणि नफा 48,000. पण तेवढ्याच विक्रीत ॲपचा वाटा 40 वरून 60 टक्के झाला तर सरासरी 42 वर येते, ब्रेक-इव्हन सुमारे 5,71,400 होतो आणि मार्जिन 4.8 टक्के उरतं. नफा फक्त 12,000. गल्ला जराही कमी झालेला नसतो, त्यामुळे हे लक्षात यायला उशीर लागतो. म्हणूनच मी म्हणेन, ब्रेक-इव्हन वर्षातून एकदा काढून भिंतीवर लावू नका. दर महिन्याला आधी वाटा तपासा, मग भागाकार करा.

हिशेब करताना एक गफलत हमखास होते. ॲपकडून बँकेत कमिशन कापून रक्कम येते आणि तीच विक्री म्हणून लिहिली जाते. मग बदलत्या खर्चात कमिशन पुन्हा धरलं की ते दोनदा वजा होतं आणि ब्रेक-इव्हन उगाच फुगतो. विक्री म्हणून ग्राहकाच्या बिलाची रक्कम घ्या, सूट आणि कर वगळून, आणि कमिशन खर्चात दाखवा.

पगारही लक्षात घ्या: 2,40,000 हा स्थिर खर्च सध्याच्या माणसांपुरताच खरा आहे. विक्री वाढवायला आणखी एक आचारी ठेवावा लागला, तर त्याचा पगार स्थिर खर्चात मिळवून भागाकार नव्याने करावा लागेल. 20,000 पगार धरला, तर 48 टक्क्यांवर ब्रेक-इव्हन जवळपास 41,700 ने वर जातो. तो आल्यामुळे महिन्याची विक्री निदान तेवढी वाढणार आहे का, हे त्याला कामावर घेण्याआधी पाहा.