तेल कुठलं घातलंस?

मामांनी रविवारी माझ्या कॉफीचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, यात तेल कुठलं घातलंस?"

आता मी दर आठवड्याला ताज्या बिया आणणारा माणूस, अपमान बसायला वेळ लागला. बिया बदलल्या, तरी तीच खवट चव. मग रिकाम्या ग्राइंडरच्या हॉपरमध्ये, म्हणजे बिया ओतायच्या वरच्या भांड्यात, नाक घातलं तर जुन्या तेलाच्या बाटलीचा वास, आतून अंगठा फिरवला तर पिवळसर चिकट थर. कॉफीच्या बियांत तेल असतंच, काळपट भाजलेल्यांत तर ते वरच येतं, आणि आत चिकटलेल्या भुग्यासकट हवेनं खवट होऊन रोज नव्या कॉफीत उतरतं. म्हणजे मामा बरोबर होते, हेच जास्त झोंबलं.

पण मामा बरोबर असले की थांबत नाहीत ना. "व्हिनेगर!" म्हणाले. मी म्हटलं, मामा, व्हिनेगरनं पाण्याचे क्षार निघतात, तेल नाही. "अरे आमची किटली लख्ख होते!" किटलीत क्षारच असतात हो मामा. "म्हणजे व्हिनेगर चालतं!" इथे मी गप्प बसलो तर म्हणे ग्राइंडरमध्ये मूठभर कच्चे तांदूळ फिरव. तांदूळ बियांपेक्षा कडक, नाजूक मोटरवर ताण येतो आणि पीठ आत राहतं ते वेगळंच. मामी म्हणाल्या, "त्याला करू द्या की." मामांनी तोवर माझ्या फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळी दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात, व्हिनेगरची अर्धी बाटली ओतली होती. नंतरची कॉफी खवटही लागली आणि आंबटही.

शेवटी सगळे गेल्यावर मी बसलो. प्लग काढला, हॉपर कोमट साबणाच्या पाण्यात. आतल्या त्या जात्यासारख्या दोन दातेरी चकत्यांपैकी वरची काढली आणि दोन्ही नुसत्या कोरड्या ब्रशनं, खाचांत टूथपिक घालून साफ केल्या, कारण त्या स्टीलच्या, पाणी लागलं की गंज. भुगा एवढा निघाला की अजून एक कप झाला असता. प्रेसची जाळी मी इतके दिवस नुसती नळाखाली धरत होतो, ती पहिल्यांदा पूर्ण सुटी केली (कोण करतं?), मधे अक्षरशः चिखल. अर्धा लिटर गरम पाण्यात तेलकट थर काढणारी चमचाभर सोडियम परकार्बोनेट पावडर, त्यात जाळी अर्धा तास, उघड्या भांड्यात. पाणी चहासारखं झालं. ॲल्युमिनियमचा मोका पॉट मात्र त्यात टाकू नका, काळा पडतो. मग सगळं खळखळून धुतलं, हॉपर पूर्ण वाळवला आणि पहिल्या पंधरा ग्रॅम बिया दळून फेकून दिल्या, जीव तुटला पण दिल्या.

काल मामा आले. घोट घेतला, डोळे मिटले. "बघ! व्हिनेगरनं फरक पडला की नाही? फक्त जरा पातळ लागतेय."

पातळ लागणारच, चकती काढायच्या आधी ग्राइंडर किती जाड-बारीक दळतो त्याचा नंबर लिहून ठेवायला हवा होता, आणि मी तेव्हा तांदळावर वाद घालत होतो.