संक्रांतीचा सूर्य आणि वाळूतल्या काठ्या

यंदा संक्रांतीच्या दुपारी साडेचारला आम्ही गोव्यातल्या हरमलात पिंपळाच्या पारावर जमलो ते भाच्याचा व्हिडिओ बघायला. शनिवारी वाड्यावरच्या हळदीकुंकवात तो पडद्यावर दाखवायचा होता. त्याआधी कट्ट्यावरच्या चार माणसांनी बघावा, असं त्याच्या आईचं म्हणणं. मास्तर होते, भटजीबुवा होते, आयुष्यभर रापणीवर गेलेला भाई होता आणि मी. चहा आला, मोबाईल भटजींच्या छत्रीला टेकवून उभा केला.

व्हिडिओ सात मिनिटांचा. सुरुवात सुंदर होती. माझ्या आईचे हात पाकात तीळ घोळतात, हाताला तूप लावून ती गरम गरम लाडू वळते, मधेच चटका बसून बोटं झटकते. मग सुगडं, हळदकुंकू, शेजारीण दारातून म्हणते, "तीळगूळ घे, गोड उलय." पुढे आकाशभर पतंग, आणि त्यावर भाच्याचा आवाज: "आज सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो. आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो."

"थांबव," मास्तर म्हणाले. "हे वाक्य काढ."

भाचा बिचारा गांगरला. भटजींनी लगेच त्याची बाजू घेतली. "का काढायचं? मकर संक्रमण म्हणजे उत्तरायण. पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आलो आम्ही. तुम्ही सणाला हात घालू नका, मास्तर."

"सणाला नाही, वाक्याला घालतोय. सूर्य वळून आज चोवीस दिवस झाले. 21 डिसेंबरला वळला तो."

"पुस्तकातलं सांगताय तुम्ही."

"वाळूतलं सांगतोय. भाई, काठ्या आहेत ना अजून?"

भाई म्हणाला, "आहेत. कुत्र्यांनी एक पाडली होती, ती दुसऱ्या दिवशी परत त्याच भोकात घातली."

मग उलगडा झाला. डिसेंबरात मास्तरांनी शिकवणीची पोरं किनाऱ्यावर नेली होती. भाईच्या होडीच्या मांडवापुढे वाळूत एक जाड खुंटा ठोकला, तो कायमचा. खुंट्यापासून दहा मीटर दूर, समुद्राच्या बाजूला, रोज संध्याकाळी एक बारीक काठी रोवायची. खुंट्यामागे बसून, त्याच्या टोकावरून बघत, सूर्य पाण्याला टेकताना ज्या रेषेत दिसेल त्या रेषेत. त्या वेळेला तो इतका लाल आणि मऊ असतो की क्षणभर बघता येतो. वर असताना बघायचं नाही आणि दुर्बीण तर कधीच लावायची नाही, हे मास्तरांनी पोरांना दहादा सांगितलं होतं. पोरांनी 20 ते 23 डिसेंबर चार काठ्या रोवल्या, आणि चारही एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. पोरं वैतागली, सूर्य हलतच नाही म्हणाली. मास्तरांना तेच दाखवायचं होतं. दक्षिणेच्या टोकाला पोचला की सूर्य काही दिवस जागचा हलल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे नेमका वळण्याचा दिवस नुसत्या डोळ्यांनी कुणालाच पकडता येत नाही. थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात.

भटजी म्हणाले, "बरं, मग आज काय वेगळं दिसणार?"

"चला की. सव्वासहानंतर सूर्य टेकतो, दहा मिनिटांची वाट."

वाटेत भटजींनी आणखी एक मुद्दा काढला आणि तो खरंच बिनतोड वाटला. "दिवस चोवीस दिवसांपासून वाढतोय म्हणता. मग पहाटे पूजेला उठतो तेव्हा डिसेंबरपेक्षा जास्त अंधार का असतो?"

भटजींचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि मला ते आवडलं, कारण पहाटे उठणाऱ्यालाच ते कळतं. गोव्यात जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य रोज थोडा थोडा उशिराच उगवतो. 21 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत सूर्योदय सात-आठ मिनिटं पुढे गेलेला असतो. पण सूर्यास्त गेलेला असतो तेरा मिनिटं पुढे. म्हणजे सगळा दिवसच घड्याळावर पुढे सरकतो, आणि त्यात पाचेक मिनिटांची वाढ लपलेली असते. संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्याला ती आधी जाणवते, पहाटे उठणाऱ्याला फेब्रुवारीत. चोवीस दिवसांत पाच मिनिटं म्हणजे रोजची तेरा सेकंदंसुद्धा नाहीत. तिळातिळाने म्हणतात ते इतकं खरं आहे. चूक आहे ती फक्त "आजपासून" या शब्दात.

किनाऱ्यावर क्षितिजाजवळ धूसर होतं. भाईला काळजी होती, कारण जानेवारीत पुष्कळदा सूर्य पाण्याला न टेकता धुक्यातच विरघळतो आणि मोजणी फसते. त्या दिवशी मात्र तो नीट उतरला. भटजी स्वतः खुंट्यामागे बसले, धोतर आवरून, एक डोळा मिटून. "डावीकडे... अजून थोडी... उजवीकडे घे रे... बस." भाच्याने काठी रोवली. समुद्राकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला. नवी काठी डिसेंबरच्या काठ्यांच्या उजवीकडे आली होती. किती? भाईने वीत टाकली. दीड वितीहून थोडं जास्त. मास्तरांच्या टेपवर 37 सेंटिमीटर.

मास्तर म्हणाले, "दहा मीटरवर सदतीस म्हणजे दोन अंशांहून थोडं जास्त. हात लांब करून करंगळी धर, तिची रुंदी साधारण एक अंश. डिसेंबरपासून सूर्य दोन करंगळ्या उत्तरेला आलाय. त्याच्याच चार बिंबांएवढा."

भटजी बराच वेळ त्या काठ्यांकडे बघत राहिले.

तेव्हा भाईने जे सांगितलं ते माझ्या कायमचं लक्षात राहील. तो म्हणाला, "आज बुडाला ना, तिथेच तो तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबर संपता संपता बुडत होता. मग तिकडे खाली गेला आणि परत आला." मास्तरांनी मान डोलावली. 28 नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य जिथे मावळतो, त्याच जागी तो संक्रांतीला परत आलेला असतो. ही जाऊन येण्याची वाट भाईला पुस्तकाशिवाय माहीत होती.

अंधार पडता पडता पुन्हा पारावर आलो. भटजी घरी जाऊन पंचांग घेऊन आले आणि चष्मा लावून डिसेंबरचं पान त्यांनी स्वतःच उघडलं. तिथे छापलेलंच होतं: सायन मकर, उत्तरायणारंभ. "हे दरवर्षी असतं," ते म्हणाले. "आम्ही वाचतो आणि पुढे जातो."

खरा गुंता इथेच आहे. एकाच मकर राशीचे दोन हिशेब आहेत. सायन हिशेब ऋतूंना धरून चालतो, सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचला की मकर सुरू. निरयन हिशेब ताऱ्यांना धरून चालतो, आणि आपली संक्रांत त्या हिशेबाची. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होते, तेव्हा "आज सूर्य वळला" हे वाक्य खरंच होतं. पण पृथ्वीचा अक्ष दमलेल्या भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एक फेरी सुमारे सव्वीस हजार वर्षांची. त्या डुलण्याने दोन हिशेबांत साधारण 72 वर्षांना एक दिवस अंतर पडतं. पडता पडता आज ते चोवीस दिवस झालंय. भारत सरकारच्या 1957च्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने ऋतूंचा हिशेब धरला, म्हणून तिचा पौष 22 डिसेंबरला सुरू होतो आणि संक्रांत 24 पौषाला पडते.

"मग कधी चौदा, कधी पंधरा का?" भाच्याने विचारलं.

भटजींनीच उत्तर दिलं, आता ते रंगात आले होते. "सूर्य मकरेत जायची वेळ दरवर्षी सहा तास आणि वर नऊ मिनिटं पुढे जाते. गेल्या वर्षी सकाळी नऊच्या सुमारास गेला, यंदा दुपारी तीननंतर, पुढच्या वर्षी रात्री नऊनंतर. सूर्यास्तानंतर गेला की सण दुसऱ्या दिवशी, म्हणून पुढच्या वर्षी पंधरा. लीप वर्ष आलं की चोवीस तास मागे ओढतो. पण ती नऊ मिनिटं उरतातच." उरलेली नऊ-नऊ मिनिटं साठत जातात. स्वामी विवेकानंद 12 जानेवारी 1863ला जन्मले, तो दिवस संक्रांतीचा होता. आज बारा तारखेला संक्रांत कुणी कल्पिणारही नाही.

मला एकदम पानिपत आठवलं. 14 जानेवारी 1761. "संक्रांत कोसळली" म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे तोच दिवस येतो, मीही शाळेत तसंच लिहिलंय. पण त्या काळी संक्रांत यायची 10 जानेवारीच्या सुमारास. पौष शुद्ध अष्टमीच्या त्या बुधवारी सण होऊन चारेक दिवस उलटले होते. आपण आजची तारीख त्या वर्षावर नेऊन ठेवली. बोलता बोलता मास्तरांचा आवाज खाली गेला. त्या भुकेल्या छावणीत कुणी कुणाला तिळगूळ दिला असेल का, असं ते म्हणाले, आणि कुणी काही बोललं नाही.

मग व्हिडिओचं काम. पतंगांचं दृश्य भाच्याने गुजरातचं घेतलं होतं. भाईला ते खटकलं. "आमच्याकडे दुपारनंतर वारा दर्यावरून गावात येतो, किनाऱ्यावर पतंग सोडलास तर सरळ माडात." ठरलं की दृश्य राहू द्यायचं, पण गुजरातेत या सणालाच उत्तरायण म्हणतात आणि हे पतंग तिथले, असं स्पष्ट सांगायचं.

नवं वाक्य भटजींनी सांगितलं, मास्तरांनी एक शब्द बदलला. भाच्याने तिथेच पारावर मोबाईल तोंडाशी धरून म्हटलं: "आज सूर्य ताऱ्यांच्या मकर राशीत जातो. उत्तरेकडे तो डिसेंबरातच वळलाय, आणि तेव्हापासून दिवस तिळातिळाने वाढतो आहे." पहिल्यांदा पेडण्याच्या बसचा हॉर्न मधे आला. दुसऱ्यांदा नीट झालं.

आईने दिलेला लाडवांचा डबा मी तेव्हा उघडला. भटजींनी पहिला लाडू मास्तरांच्या हातावर ठेवला. "घ्या. आणि 21 मार्चपर्यंत काठ्या रोवत राहा, तेव्हा तो नाकासमोर पश्चिमेला बुडेल. मी येईन खुंट्यामागे बसायला."

भाई म्हणाला, "मग खुंटा मागे घ्यायला हवा. मार्चात तिथे होडी ओढतो आम्ही."

"मागे घेतलास तर आजवरच्या काठ्या फुकट," मास्तर म्हणाले. "होडी हलव."