नऊशे किलोचा घोळ

वागळे इस्टेटमधील ज्या लहानशा कारखान्यात मी हिशेब सांभाळतो, तेथे पत्र्याचे ब्रॅकेट बनतात. एका सकाळी शेठ म्हणाले, "900 किलो मालाची चौकशी आली आहे, दुपारपर्यंत कॉस्ट शीट द्या. घट 10 टक्के आणि नफा विक्रीवर 20 टक्के." दोन्ही आकडे इतके गोंडस होते, की मी बेसावध राहिलो.

900 वर 10 टक्के म्हणजे 90, म्हणून मी 990 किलो पत्रा मांडला. तेवढ्यात प्रेसवरच्या जुन्या कारागिराने मान तिरकी करून विचारले, "साहेब, 990 मधून 10 टक्के गेले, की उरतात किती?" उरत होते 891. घट ही घातलेल्या मालावर धरतात, तयार मालावर नव्हे. म्हणून 900 ला 0.90 ने भागून 1,000 किलो पत्रा धरावा लागतो. (मेथीची जुडी घेताना माझी पत्नी हेच गणित एका नजरेत करते, मला मात्र त्यासाठी पदवी घ्यावी लागली आणि तीही कामी आली नाही.)

80 रुपये किलोने पत्र्याचे 80,000 रुपये झाले. उरणारे 100 किलो कातरण भंगारवाला 30 रुपयांनी नेतो. ते 3,000 रुपये 'इतर उत्पन्न' म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह मी आवरला, कारण नेहमीची घट हा मालाच्याच खर्चाचा भाग असल्याने तिचे मोलही तेथूनच वजा करावे लागते. पत्रा 77,000 वर आला. मजुरी 18,000, कारखान्याचा वरखर्च 9,000 आणि कचेरीचा 4,000 मिळवून एकूण खर्च 1,08,000 झाला. मात्र साचा चुकीचा बसल्याने उद्या आणखी 30 किलो वाया गेले, तर ते या ग्राहकाच्या माथी मारता येत नाहीत. ती वेगळी घट, तिचा तोटा आमचा.

मग मी 1,08,000 वर 20 टक्के लावून 1,29,600 ही किंमत मोठ्या सुबक अक्षरांत लिहिली. शेठनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. नफा 21,600, म्हणजे विक्रीच्या जेमतेम 16.67 टक्के! विक्री 100 असेल तर खर्च 80, म्हणून 1,08,000 ला 0.80 ने भागायचे: 1,35,000, किलोमागे 150 रुपये. खर्चावर पाहिले तर हाच नफा 25 टक्के भरतो. माझ्या सुबक अक्षरांची किंमत 5,400 रुपये होती.

महिनाभराने माल गेला आणि भंगारवालाही आला. शेठनी त्याच्याकडून 3,000 रुपये रोख घेतले आणि प्रथेप्रमाणे सगळ्यांसाठी वडापाव मागवले. ते पैसे आपण किमतीत ग्राहकाला आधीच देऊन टाकले आहेत, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले. पण तोवर त्यात वडा होता.