टी ट्री ऑइल, बादली आणि "नॅचरल आहे हो, काही होत नाही"

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या लेडीज ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो. "मुलांच्या आंघोळीच्या पाण्यात टी ट्री ऑइलचे पाच थेंब टाका, फंगस नाही, घामोळं नाही." खाली अंगठे, हार्ट, "थँक्स गं". मी रबाळे एमआयडीसीत शॅम्पू, क्रीम बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, असली तेलं रोज वजनकाट्यावर मोजते. त्यामुळे हा मेसेज आला की हात शिवशिवतात. ग्रुपवर लिहिलं तर "तुम्हाला काय, तुम्ही केमिकलवाल्या" असं ऐकावं लागतं, म्हणून इथे लिहितेय, ऐसपैस.

आधी त्या बादलीचंच बघू. वीस लिटर पाण्यात पाच थेंब म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण तेल पाण्यात विरघळतच नाही, वर तरंगतं. पुढच्या वेळी बादलीवर उजेड पाडून बघा, पाण्यावर तवंगाचे छोटे छोटे चट्टे दिसतील. आपण मग बुडवतो तो वरूनच. म्हणजे पहिल्या दोन-तीन मगांत ते सगळं तेल येतं, आणि ते पातळ झालेलं नसतं, जसंच्या तसं पोराच्या खांद्यावर, मांड्यांच्या सांध्यात नाहीतर डोळ्यांत जातं. उरलेली बादली नुसतं पाणी. शॅम्पूत किंवा बॉडी वॉशमध्ये हेच तेल नीट मिसळलेलं राहतं, कारण तिथे तेल आणि पाणी धरून ठेवणारे घटक आम्ही मुद्दाम घातलेले असतात. घरच्या बादलीत ते काम कोण करणार? तीच गोष्ट कोरफडीच्या जेलची. जेल म्हणजे बहुतेक पाणीच. त्यात थेंब घालून चमच्याने फेटलं की मिसळल्यासारखं दिसतं, पण तेलाचे कण वेगळेच राहतात, आणि एखाद्या बोटाला नेमका तोच कण लागतो.

आता ज्या प्रकरणामुळे ही पोस्ट लिहायला बसले ते सांगते. आमच्याच विंगमधल्या एका वहिनींची मुलगी, दहावीत. गालावर, हनुवटीवर पिंपल्स. कुठल्यातरी रीलमध्ये बघून तिने टी ट्री ऑइलची ड्रॉपरवाली बाटली ऑनलाइन मागवली आणि कापसाने रोज दोनदा थेट लावायला लागली. सुरुवातीला छान चाललं होतं. पिंपल्स सुकत होते, वहिनी खूश. मग परीक्षेच्या तोंडावर एका सकाळी पोरगी उठली ती पापण्या सुजलेल्या, जबड्यापासून मानेपर्यंत लाल चट्टे, बारीक पाण्याचे फोड आणि नुसती खाज. वहिनींनी आधी सगळा दोष कँटीनच्या वडापावला दिला. "तेल कसं असेल? इतके दिवस तेच लावत होती की!"

नेमकं इथेच सगळे फसतात. तेलाने त्वचेला होणारे त्रास दोन प्रकारचे असतात. एक साधी जळजळ. लावल्यावर थोड्याच वेळात चुरचुरतं, जिथे लावलं तिथेच लाल होतं, धुतलं की हळूहळू उतरतं. दुसरी खरी ॲलर्जी, आणि ती सावकाश तयार होते. शरीर आधी त्या तेलाला ओळखायला शिकतं. त्या काळात वर काहीच दिसत नाही, सगळं आलबेल वाटतं. एकदा ओळख पटली की पुढच्या लावण्यानंतर एक ते तीन दिवसांनी पुरळ उठतं, लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरतं, आणि पापण्या नाजूक असल्यामुळे तिथे आधी सूज येते. "इतके दिवस चाललं" हा तेल निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही. तेवढे दिवस शरीर शिकत होतं, इतकंच. आणि ते शिकलेलं सहसा विसरत नाही.

वाशीतल्या स्किनच्या डॉक्टरांनी चट्टे बरे झाल्यावर तिची पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळे पदार्थ चिकटवून दोन दिवस ठेवतात, मग पट्ट्या काढून बघतात, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोपर्यंत आंघोळ नाही, घाम नाही, आपल्याकडच्या हवेत ती एक शिक्षाच. टी ट्रीच्या चौकोनात लाल, टणक चकती उठली होती. प्रश्न मिटला.

मी ती बाटली मागून घेतली. बाथरूमच्या खिडकीत ठेवलेली, दुपारचं ऊन थेट अंगावर, शेजारी गिझर. अर्ध्याहून जास्त रिकामी. ड्रॉपरचं रबर फुगून चिकट झालेलं. वास घेतला तर ताज्या तेलाचा तो स्वच्छ, थोडा कापरासारखा वास नव्हता, टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प होता. टी ट्री ऑइल हवा, उजेड आणि उष्णता लागली की ऑक्सिडाइझ होतं. त्यातले चांगले घटक घटतात आणि पेरॉक्साइडसारखी नवी संयुगं तयार होतात. ॲलर्जीच्या बाबतीत ताज्या तेलापेक्षा ही संयुगं कितीतरी जास्त त्रासदायक. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त. म्हणजे शेवटचा चतुर्थांश हा सगळ्यात वाईट, आणि आपण नेमका तोच "वाया कशाला घालवायचा" म्हणून संपवतो. घरात ठेवायचंच असेल तर लहानात लहान गडद काचेची बाटली घ्या, उघडल्याची तारीख मार्करने वर लिहा, थंड अंधाऱ्या कपाटात ठेवा, आणि वास बदलला की त्वचेला लावू नका. आम्हीसुद्धा लॅबमध्ये जुनं उघडं तेल वापरत नाही.

"मग पिंपल्सवर चालतं असं म्हणतात ते खोटं का?" असं वहिनींनी विचारलं. खोटं नाही. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टी ट्रीचं 5% जेल आणि पिंपल्सवर नेहमी वापरतात ते बेन्झॉइल पेरॉक्साइडचं 5% लोशन यांची तुलना होती. दोन्हींनी पिंपल्स कमी झाले, टी ट्रीचा परिणाम यायला वेळ लागला, पण त्रासाच्या तक्रारी कमी होत्या. आता त्यातला आकडा पुन्हा वाचा. पाच टक्के. पोरगी लावत होती ते शंभर टक्के, म्हणजे अभ्यासातल्या जेलच्या वीसपट. बाटलीवर "100% शुद्ध" लिहिलेलं असतं ना, तो खरं तर सावधगिरीचा इशारा समजायला हवा. आपण तो दर्जाचा शिक्का समजतो. "थेरप्युटिक ग्रेड" हे तर कंपन्यांचंच शब्दकौतुक, असा कुठला सरकारी दर्जा नाही.

पातळ करायचं म्हणजे किती? मोठ्यांच्या अंगाला लावून तसंच ठेवायच्या तेलात मी एक टक्क्याच्या वर जात नाही, चेहऱ्यावर तर त्याहून कमी. एक टक्का म्हणजे 100 मिलीमध्ये एक मिली. घरी 50 मिली खोबरेल घेतलं तर त्यात अर्धा मिली टी ट्री, बस्स. थेंब मोजू नका. "वीस थेंब म्हणजे एक मिली" हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण एका बाटलीचा थेंब जाड, दुसरीचा बारीक, आणि गडबडीत दोन जास्तच पडतात. मेडिकलमधून बिनसुईची एक मिलीची सिरिंज आणा, 0.5 च्या रेघेपर्यंत ओढा आणि काचेच्या बाटलीत खोबरेलात सोडा. मिश्रणाला फारसा वास येणार नाही. इथेच हात वळवळतो आणि माणूस आणखी ओततो. ओतू नका. मग हे तयार मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावून बघा. एकदा लावून तासाभराने "काही झालं नाही" म्हणणं फुकट आहे, कारण ॲलर्जी तासाभरात दिसतच नाही. आणि अशी चाचणी निव्वळ तेलाने कधीही करू नका, त्यानेच ॲलर्जी लागायची.

राहिला "नॅचरल" हा मुद्दा. ज्यांच्या आजीच्या हाताला बिब्बा उतला असेल, त्यांना हे मी सांगायला नको. झाडाचाच तो, आणि अंगावर उठतो तोही अशाच ॲलर्जीने.

मुलांचं मात्र मी मोठ्यांसारखं धरत नाही. त्यांची कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंगाचा पसारा जास्त, आणि हात सतत डोळ्यांत नाहीतर तोंडात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला टी ट्री, निलगिरी, पेपरमिंट, कापूर यातलं काहीच नको. सर्दी झाली म्हणून रुमालाला निलगिरी लावून नाकाशी धरायची आपल्याकडची सवय जुनी आहे, पण तान्ह्या बाळाच्या नाकाशी निलगिरी, पेपरमिंटमधलं मेन्थॉल किंवा कापूर गेला तर घसा आवळून श्वास अडकू शकतो. बेंगळुरूच्या मेंदूविकार डॉक्टरांनी तर निलगिरी आणि कापराच्या वापरानंतर फिट आलेल्या रुग्णांची नोंद केलेली आहे. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर ही तेलं नि बाम दूरच ठेवा.

सगळ्यात मोठी भीती मला पिण्याची वाटते. वहिनींच्या घरी ती बाटली जिथे होती तिथून हातभर अंतरावर धाकट्याचे व्हिटॅमिन डी चे थेंब होते. तशीच तपकिरी काच, तसाच ड्रॉपर. रात्री झोपेत कुणीही चुकेल. 10 मिलीपेक्षाही कमी टी ट्री ऑइल प्यायलेल्या दोन वर्षांच्या आतल्या मुलाला चालता येईना, भान हरपल्यासारखं झालं, अशी नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. दवाखान्यात नेल्यावर ते बरं झालं. लक्षणं अर्ध्या तासातही दिसू शकतात: झोप येणं, तोल जाणं, उलटी. अशा वेळी बोटं घालून उलटी काढू नका. तेल वर येताना फुप्फुसात गेलं तर दुसरं संकट. दूध पाजत बसू नका. बाटली सोबत घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा.

आणि अंगावर पुरळ आलंच तर साध्या साबणाने धुवून काढा, सगळं लावणं थांबवा, त्यावर "शांत करायला" दुसरं कुठलं तेल नको, आणि मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली स्टिरॉइडची ट्यूबही नको. त्या मुलीला आता फेसवॉश, शॅम्पू, माऊथवॉश घेताना मागची बारीक यादी वाचावी लागते. यादीत टी ट्री त्या झाडाच्या शास्त्रीय नावाने असतं, "मेलल्यूका" असं दिसलं की बाटली परत शेल्फवर. परवा डी-मार्टात तिनेच मला एक "हर्बल" कंडिशनर उलटा करून दाखवला, अगदी शेवटून तिसऱ्या ओळीत होतं.

कमेंटमध्ये ब्रँड विचारू नका, सांगणार नाही. बाटलीचा मागच्या बाजूचा फोटो टाका, वाचून सांगेन.