ज्याचा पगार जास्त, त्याचीच बदली खरी?

आज दादाकडे गेले होते आणि डोकं तापवून घरी आले. रात्रीचे अकरा वाजलेत, झोप येत नाही म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

भाचेसुनेचं प्रमोशन झालं. सरकारी बँकेत स्केल टूची स्केल थ्री. लेखी परीक्षा, मुलाखत, सगळं पार करून यादीत नाव आलं आणि पोस्टिंग मिळालं रतलामला, शाखाप्रमुख म्हणून. यावर वहिनीचा पहिला शब्द काय? “मग आता नाही म्हणून कळवायला लागेल ना?” अभिनंदन नाही, पाठीवर हात नाही. शेजारच्या बेन चहाला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “नोकरी तो ठीक छे, पण छोकरो?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता हेच घर 2019 मध्ये कसं होतं ते सांगते. तेव्हा दोघं सुरतेत होती. भाच्याला इथे बडोद्याजवळ, नंदेसरीच्या एका केमिकल प्लँटमधून चांगली ऑफर आली. त्याच दिवशी रावपुऱ्यातून पेढे आले, दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांत वाटले गेले. मलाही डबा आला होता. तेव्हा छोकरो दीड वर्षाचा होता, पण “मुलाचं काय?” असं एकानंही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण उत्तर म्हणून ती होतीच.

तिला तेव्हा सुरतेजवळची शाखा मिळायची होती. तिनं ती सोडून नवरा जिथे आहे तिथे म्हणजे बडोद्याला बदली मागितली. बायकांना शक्य तितकं नवऱ्याच्या गावी किंवा जवळपास ठेवा, असं अर्थमंत्रालयानं सरकारी बँकांना 2014 मध्येच कळवलेलं आहे, त्यामुळे अर्ज मंजूर झाला. चांगलीच सोय आहे, पण त्यात गाव मिळतं, खुर्ची मिळेलच असं नाही. तिला कर्जाच्या फाइली तपासायच्या विभागात बसवलं. माझं आयुष्य बँकेत गेलंय, म्हणून सांगते. शाखा चालवलेल्या माणसाकडे मुलाखतीत सांगायला वसुली असते, ठेवी असतात, ऑडिटचा शेरा असतो. फाइली तपासणाऱ्याकडे फाइली असतात. दोनदा तिचं नाव यादीत आलं नाही. तिसऱ्यांदा आलं.

आज भाचा काय म्हणाला? अगदी शांतपणे, हिशेबाच्या सुरात: “आत्या, भावनेचा प्रश्नच नाही. माझ्या हातात एक लाख वीस हजार येतात, तिच्या अठ्ठ्याऐंशी. ज्याचं जास्त त्याचं धरायचं, एवढं साधं आहे.”

साधं आहे? अरे, 2019 मध्ये तुझे साठ होते आणि तिचे छप्पन! चार हजारांचा फरक होता. तो बत्तीस हजारांचा कसा झाला? तू पुढे गेलास आणि ती तुझ्यासाठी बाजूला सरकली, म्हणून झाला. मागच्या वेळी तिनं जे सोडलं, तेच या वेळी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून काढायचं! अशा हिशेबात ती कधी जिंकेल? प्रत्येक फेरीत फरक वाढणार आणि प्रत्येक फेरीत हाच नियम लागणार. आपल्या माहितीतल्या किती घरांत हे असंच झालंय, आठवून बघा.

बरं, पैशाचाच हिशेब करायचा तर तोही केला, तिथेच, वर्तमानपत्राच्या कडेला. प्रमोशननं तिच्या हातात महिना आठ-दहा हजार वाढतील. तिथलं घर बँकेच्या लीजवर मिळेल, पण जाणं-येणं, तिकडचा स्वयंपाकपाणी, इथे मुलासाठी दिवसभराची बाई धरली तर दोन वर्षं वर काही उरणार नाही. उलट थोडे खिशातूनच जातील. भाचा म्हणाला, “बघ, मीच सांगत होतो.”

पण बँकेतलं प्रमोशन कुणी पहिल्या महिन्याच्या वाढीवर मोजतं का? ती सदतीस वर्षांची आहे, साठीला निवृत्त होणार. म्हणजे तेवीस वर्षं शिल्लक. आज थ्री झाली तर पुढे फोर, कदाचित फाइव्ह. आज नाकारलं तर बहुतेक बँकांत पुढचा काही काळ प्रक्रियेत बसूच देत नाहीत. तोवर मागची पोरं पुढे जातात आणि मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, “मागच्या वेळी नाही का म्हणालात?”

आणि एक गोष्ट तिथे कुणाच्याच डोक्यात आली नाही. भाच्याचं काम वापीपासून बडोद्यापर्यंत कुठेही विकलं जातं. अंकलेश्वर आहे, दहेज आहे. त्यानं एक नोकरी सोडली तर दुसरी मिळेल, कदाचित जास्त पगाराची. तिची शिडी एकाच बँकेत आहे. उतरली तर तीच पायरी बाहेर विकत मिळत नाही. म्हणजे जपायचं कुणाचं? ज्याचं पुन्हा मिळू शकतं त्याचं, की जिचं मिळत नाही तिचं?

आणि रतलाम म्हणजे काय काळं पाणी आहे? गोधरा, दाहोद, रतलाम. साधारण 260 किलोमीटर, चांगली गाडी मिळाली तर साडेतीन-चार तास. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. दोन-तीन वर्षं काढायची आणि मग नवरा बडोद्यात आहे म्हणून परत अर्ज करायचा. मिळेलच याची खात्री नाही, पण शाखा चालवून आलेली बाई मागतेय, याला वजन असतं.

मुलाचे हाल होतील, हे मान्य. तिसरीत आहे, रात्री आईशिवाय झोपत नाही. मार्चअखेरीला शाखाप्रमुखाला रविवारही मिळत नाही, शाखेचं गाव सोडायलाही परवानगी लागते. हे मी खोटं कशाला सांगू?

पण मुलाला बाप आहे की नाही? तो माणूस वाईट नाही हो. भांडी घासतो, डबा भरतो, पालकसभेलाही जातो. आज निघताना जिन्यात मला हळूच म्हणाला, “आत्या, शिफ्टचं काय करू? आठवड्याची नाईट आली तर?” तेव्हा माझा राग जरा उतरला. हा खरा प्रश्न आहे. पगाराचं गणित त्यानं पुढे केलं, कारण नाईटची भीती आई-वडिलांसमोर बोलता येत नव्हती. जनरल शिफ्ट मागता येते का ते प्लँटमध्ये विचार म्हटलं. त्यानं अजून विचारलेलं नाही. तिनं सुरत सोडलं तेव्हा मात्र तिच्या बँकेत अर्ज गेला होता, तोही चार दिवसांत. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही.

आता पुन्हा चिडतेय मी. आम्ही बडोद्याचे लोक येता-जाता सांगतो की सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. आणि शिकलेली सून रतलामला निघाली तर पेढ्याचा एक डबा घरात येत नाही.

ती स्वतः काय म्हणाली ते राहिलंच. काही नाही म्हणाली. कप उचलून आत गेली. मी मागोमाग गेले, तर म्हणाली, “आत्या, मला जायचंय. पण मी म्हटलं तर भांडण, त्यांनी म्हटलं तर निर्णय.”

गुरुवारपर्यंत होकार कळवायचाय. नाईटच्या आठवड्यात मुलगा माझ्याकडे झोपेल, हे मी आज सगळ्यांसमोर सांगून आलेय. निवृत्त बाई आहे, वाघोडिया रोडला दोन खोल्या रिकाम्या आहेत. वहिनी, हे वाचशीलच. कॉमेंटमध्ये लिहू नकोस, फोन कर. आणि भाच्या, उद्या पहिल्या शिफ्टलाच एचआरला विचार.