आजीच्या डोळ्यांना काही झालं नाही, ते का?

"डोळ्यात गुलाबपाणी घालू नका, डोळ्यांवर टी बॅग ठेवू नका हा तुमचा लेख वाचला आणि वैताग आला. माझी आजी आयुष्यभर डोळ्यात गुलाबपाणी घालायची, ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवत होती. मी स्वतः दमले की डोळ्यांवर टी बॅग ठेवते, लगेच बरं वाटतं. आणि टी बॅग तर उकळत्या पाण्यातून निघते, तिच्यात जंतू कुठून येणार? उगाच लोकांना घाबरवू नका."

ताई, आजींपासूनच सुरुवात करते, कारण त्यांच्या डोळ्यांना काही झालं नाही याचं मला अजिबात नवल वाटत नाही. धडधाकट डोळा म्हणजे पक्का बंदोबस्त असलेलं घर आहे. बुबुळावर जी पारदर्शक काच असते ना, कॉर्निया, तिच्या वरच्या बाजूला पेशींचे पाच-सहा थर एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले असतात, त्यावर अश्रूंचा पातळ थर, त्या अश्रूंमध्ये जंतूंचं कवच फोडणारं लायसोझाइम नावाचं द्रव्य, आणि वर पापणी दर काही सेकंदांनी वायपरसारखी फिरून सगळं नाकाकडे ढकलते. अशा डोळ्यात दूषित थेंब पडला तरी बहुतेक वेळा तो वाहून जातो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. आजींचं तसंच झालं असणार.

पण गोम अशी आहे की गुलाबपाणी आपण डोळा धडधाकट असताना कमी आणि तो कुरकुरायला लागला की जास्त आठवतो. डोळा खुपतोय, जळजळतोय, कचरा गेला म्हणून चोळचोळ चोळलाय, दिवसभर लेन्स घालून कोरडा पडलाय. आणि नेमकं तेव्हाच त्या पेशींच्या थरावर कुठेतरी बारीक ओरखडा असण्याची शक्यता असते, म्हणजे घराचं दार उघडं असताना आपण बाहेरून पाहुणे बोलावतो. कॉर्नियाची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात रक्तवाहिन्या नाहीत (म्हणून तर ती पारदर्शक आहे), त्यामुळे जंतू एकदा आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशींची कुमक लांबून, कडेकडेने यावी लागते. एक हिशेब अजून बघा, डोळ्यातल्या अश्रूंचा साठा साधारण 7 मायक्रोलिटर आणि ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब 30 ते 50. म्हणजे पहिल्याच थेंबाला आपले स्वतःचे अश्रू, लायसोझाइम वगैरे सगळ्यासकट गालावर ओघळून जातात.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, डोळ्यांच्या पेशंटचे नमुने रोज हाताखालून जातात. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. पंचविशीतली मुलगी, कॉन्टॅक्ट लेन्स घालणारी. एका संध्याकाळी लेन्स काढल्यावर डोळ्यात वाळूचा कण असल्यासारखं टोचायला लागलं, तिने बाटलीतलं गुलाबपाणी दोन थेंब घातलं, गार वाटलं, झोपली. ही बाटली उघडून तीन-चार महिने झाले होते आणि तीच ती चेहऱ्यावर कापसाने लावायलाही वापरायची, बाथरूममधल्या फळीवर असायची. सकाळी डोळा लाल, पापण्या किंचित सुजलेल्या, मग परत गुलाबपाणी आणि वर दहा मिनिटं टी बॅग. दुपारपर्यंत उजेडाकडे बघवेना. रात्री नुसतं पाणी नाही तर हिरवट पिवळी चिपडं यायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिला आरशात स्वतःच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. त्याला आपल्याकडे फूल पडलं म्हणतात, पण हे जुनं फूल नव्हतं, ती ताजी जखम होती, कॉर्नियाचा अल्सर.

डॉक्टरांनी डोळ्यात फ्लुरेसिनचा पिवळा-केशरी रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं की जिथे थर फाटलाय तिथे हिरवं चमकतं, तसं ते चमकलं. मग भूल देणारे थेंब घालून जखमेच्या कडेवरून खरवडून घेतलेला नमुना आमच्याकडे आला, आणि शहाण्या डॉक्टरांनी सोबत तिची लेन्सची डबी आणि ती बाटलीही पाठवली. स्लाइड रंगवली तर गुलाबी काड्याच काड्या (ग्रॅम निगेटिव्ह म्हणतो त्याला, रंगाचा गुलाबाशी काही संबंध नाही पण त्या दिवशी हसू आलं खरं). दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायला 37 डिग्रीला ठेवलेल्या प्लेटा काढल्या तर डोळ्याच्या, डबीच्या आणि बाटलीच्या तिन्ही प्लेटांवर पसरट, हिरवट झाक असलेल्या जंतूंच्या कॉलनी, आणि झाकण उचलल्या उचलल्या तो ओळखीचा गोडसर, द्राक्षांसारखा वास. प्लेटचा वास घ्यायचा नसतो हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, पण स्यूडोमोनास नावाचा हा जंतू न हुंगताच नाकात शिरतो. तिन्हीकडच्या जंतूंवर कुठलं औषध चालतं कुठलं नाही तेही जुळलं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बाटलीतून डोळ्यात गेला की डबीतून डोळ्यात येऊन मग ड्रॉपरच्या टोकाने बाटलीत गेला हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण दर वेळी थेंबाबरोबर अजून थोडे जंतू त्याच जखमेवर पडत होते हे नक्की.

लोकांना पटत नाही ते हेच, की सुगंधी, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात जंतू कसे. गुलाबपाणी म्हणजे पाकळ्यांवरून वाफ नेऊन ती गार केलेलं पाणी. वाफ होताना ते जवळपास निर्जंतुकच असतं, मान्य. पण पुढे ते भांड्यात साठतं, बाटलीत भरतं, झाकण उघडतं, आणि त्यात पाकळ्यांचे थोडे सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतात. स्यूडोमोनास इतका चिवट की साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्येही तग धरतो आणि वाढतो, त्याला तर ही मेजवानीच. पाणी गढूळ दिसायला लागायच्या खूप आधी एका थेंबात हजारो जंतू असू शकतात, म्हणून "दिसायला स्वच्छ आहे" याला अर्थ नाही. आणि "शंभर टक्के शुद्ध, काहीही न घातलेलं" असं बाटलीवर असेल तर डोळ्यासाठी ती अजून वाईट, कारण जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्हसुद्धा त्यात नाही. ते घातलेलं असलं तरी त्वचेच्या हिशेबाने घातलेलं असतं, डोळ्यात झोंबतं. पोटात जाणाऱ्या पदार्थासाठी किंवा त्वचेला लावायच्या पाण्यासाठी बाटली निर्जंतुक असण्याची अट नसते, डोळ्याच्या ड्रॉप्सना असते, आणि ड्रॉप्ससुद्धा उघडल्यावर साधारण 28 दिवसांनी फेकायला सांगतात ते उगाच नाही.

तिथेही चुकतं बरं का. 2023 मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या, म्हणजे कारखान्यात बनलेल्या ड्रॉप्समधून औषधांना दाद न देणारा हाच स्यूडोमोनास पसरला, तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने 18 राज्यांत 81 पेशंट मोजले, 14 जणांची नजर गेली आणि 4 जण दगावले. देखरेखीखाली बनणाऱ्या बाटलीची ही गत, मग बाथरूमच्या फळीवरच्या बाटलीकडून काय अपेक्षा ठेवायची.

आता उकळत्या पाण्याचं. तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, खळखळ उकळलं तर बरेच जंतू मरतात. पण चहाची पानं काही निर्जंतुक नसतात आणि काही जंतू बीजाणू करून बसतात, ते उकळूनही टिकतात. शिवाय टी बॅगवर आपण पाणी ओततो, ती उकळत नाही, आणि पाणी कपात पडल्यापासूनच निवायला लागतं. त्यानंतर काय होतं ते एकदा स्वतःच बघा: आपण ती बोटांनी उचलतो, पिळतो, बशीत ठेवून निववतो, कधी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी परत वापरतो, मग एका डोळ्यावरून उचलून दुसऱ्यावर. ओली, कोमट, पानांनी भरलेली पिशवी, आणि डोळा मिटलेला असला तरी पापण्यांच्या केसांच्या मुळांशी असलेले जंतू घेऊन ते पाणी आत झिरपतंच. एका डोळ्याला डोळे आले असतील तर दुसऱ्यालाही द्यायची ही खात्रीची पद्धत आहे. कॅमोमाइलसारख्या फुलांच्या चहाने परागकणांची अॅलर्जी होऊन डोळे सुजल्याच्याही केसेस आहेत. आणि पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीपैकी, हाताला कोमट वाटलेली बॅग तिथे चटका देऊ शकते.

बरं मात्र वाटतं, ते मी नाकारतच नाही. गार ओलाव्याने सूज आणि खाज थोडा वेळ उतरते, डोळे मिटून दहा मिनिटं पडून राहिलात तर कोरडेपणा तसाही कमी होतो. व्हायरसने आलेले डोळे एक-दोन आठवड्यात आपोआप जातात, त्याचं श्रेय त्या काळात जे काही चालू होतं त्याला मिळतं. चहातल्या टॅनिनने लॅबच्या बशीतले जंतू मरतात असं तुम्ही वाचलं असेल, पण त्या बशीत ते टॅनिन तासन्‌तास जंतूंना चिकटून असतं, डोळ्यात काही मिनिटांत वाहून जातं.

रांजणवाडीला किंवा जड पापण्यांना शेक खरंच उपयोगी आहे, पण गुण उबेचा आहे, चहाचा नाही. धुतलेला सुती रुमाल, उकळून कोमट केलेलं पाणी, आधी मनगटावर लावून बघायचं, पाच-दहा मिनिटं मिटलेल्या पापणीवर ठेवायचं, दुसऱ्या डोळ्याला दुसरा रुमाल, आणि रांजणवाडी फोडायची नाही. दमलेल्या डोळ्यांना गारवा हवा असेल तर तोच रुमाल गार करून. ओलावा हवा असेल तर एकेका वेळच्या छोट्या सीलबंद ट्यूबमधले कृत्रिम अश्रू. लेन्स घालणाऱ्यांनी डोळा खुपला की आधी लेन्स काढायची, बाकीचं नंतर.

त्या मुलीला पहिले दोन दिवस दर तासाला अँटिबायोटिकचे थेंब होते, रात्रीसुद्धा गजर लावून. डोळा वाचला. डाग मध्यापासून थोडा बाजूला आहे म्हणून निभावलं, तरी तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी त्या डोळ्याने आता वाचता येत नाहीत. स्यूडोमोनास एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळवू शकतो, त्यामुळे ती अजून दोन दिवस घरीच थांबली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणून डोळा नुसता लाल नसून दुखत असेल, उजेड सोसत नसेल, धुरकट दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरं काही दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि घरात उरलेले कुठलेही जुने ड्रॉप्स मधे घालायचे नाहीत, त्यातले काही स्टिरॉइडचे असतात आणि ते अशा जखमेला आणखी भडकवू शकतात. आणि जाताना ती बाटली, लेन्स, डबी जे काही वापरलं असेल ते धुवायचं नाही, फेकायचं नाही, आहे तसं पिशवीत घालून सोबत न्यायचं. नमुना खरवडल्यावर आमच्याकडे कधीकधी काहीच वाढत नाही, तेव्हा डबीतल्या किंवा बाटलीतल्या चार थेंबांवरून औषध ठरवायला मदत होते.