कोळीण लाल, साडी काळी

शाळेच्या स्नेहसंमेलनात दिवे चालवणाऱ्या माणसाची अशी ठाम समजूत असते, की नाच जितका वेगवान, तितका उजेड भडक हवा. माझ्या भाचीच्या कोळीनृत्याला त्याने डावीकडून निव्वळ लाल आणि उजवीकडून निव्वळ निळा प्रकाश सोडला होता. टोपली डोक्यावर तोलून ती गर्रकन वळली आणि ऐन त्या क्षणी माझ्या कॅमेऱ्याची कळ दाबली गेली. हात, पाय, टोपली, हसू, सगळे जागच्या जागी. फक्त चेहऱ्याच्या नाकावरून सरळ दोन वाटण्या झालेल्या: एक भाग टोमॅटोच्या सॉसच्या रंगाचा आणि दुसरा वहीवर सांडलेल्या शाईचा.

“दादा, फोटो झकास आलाय. तिचा रंग तेवढा नीट कर आणि मोठा काढून दे,” असे बहिणीने सांगितले. त्यातला ‘तेवढा’ हा शब्द तिने ज्या सहजतेने उच्चारला, तसा तो फक्त स्वतः संगणकासमोर न बसणाऱ्या माणसालाच उच्चारता येतो.

पहिला उपाय म्हणून कोणीही व्हाइट बॅलन्सकडे, म्हणजे उजेडाची झाक काढून पांढऱ्याला पांढरे करणाऱ्या सोयीकडे वळतो, तसा मीही वळलो. बल्बच्या पिवळट उजेडात काढलेला फोटो त्याने चुटकीसरशी सुधारतो, कारण बल्बच्या प्रकाशात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही घटक असतात, फक्त त्यांचे प्रमाण बिघडलेले असते. प्रमाण बिघडले असेल तर एकेका घटकाला योग्य त्या पटीने गुणले की झाले. रंगमंचावरच्या एलईडी दिव्याचे तसे नसते. त्यातला लाल दिवा सुमारे 620 ते 630 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातला प्रकाश टाकतो आणि बाकी काही टाकतच नाही. हिरवा प्रकाश चेहऱ्यावर पडलेलाच नसेल, तर तो परत येणार कुठून आणि कॅमेरा टिपणार काय? शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच, हे मी चौथीत शिकलो होतो. त्याचा प्रत्यय यायला भाचीला चौथीत जावे लागले.

तरीही माणूस आशा सोडत नाही. तिच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा पांढराशुभ्र गजरा होता, म्हणून मी ड्रॉपर घेऊन त्यावर टिचकी मारली आणि संगणकाला सांगितले, की हे पांढरे आहे असे समज. त्या आज्ञाधारक यंत्राने पिवळ्या-निळ्याचा तोल बदलणारी Temp ची पट्टी 2000 केल्व्हिनच्या भिंतीला टेकवली, हिरव्या-किरमिजीचा तोल बदलणारी Tint ची पट्टी टोकाला नेली, आणि हिरव्या-निळ्या घटकांत जो काही क्षीण कचरा होता त्याला कित्येक पटींनी फुगवून पडद्यावर आणले. चेहरा लालच राहिला. वर त्यावर हिरवट राखाडी दाणे उगवले. कॅमेऱ्याने टिपलेले सगळे जसेच्या तसे साठवणारी रॉ फाइल होती म्हणून निदान इतके तरी झाले. मोबाइलच्या जेपेगमध्ये एकेका घटकाला फक्त 256 पायऱ्या असतात, तिथे एवढेही झाले नसते.

या सगळ्यात बहिणीच्या सासूबाईंनी एक मोठाच प्रश्न उपस्थित केला. “कपाळाला टिकली का नाही लावली हिला?” टिकली होती. चांगली ठसठशीत, लाल, चंद्रकोरीची टिकली होती. पण लाल प्रकाशात लाल टिकली आणि भोवतालचे कपाळ हे दोन्ही जवळजवळ सारखाच प्रकाश परतवतात, त्यामुळे ती कपाळात विरघळून गेली होती. ओठांवरची लिपस्टिकही त्याच वाटेने गेली होती. साडीचे नेमके उलट झाले. पोपटी रंगाला हिरवा प्रकाश हवा, तो मिळाला नाही, म्हणून अख्खी साडी काळी ठिक्कर पडली. थोडक्यात, शुभ प्रसंगी काळी साडी नेसून, कपाळ उघडे ठेवून आमची मुलगी रंगमंचावर नाचली, असा पुरावा मी कॅमेऱ्यात बंद करून आणला होता, आणि सासूबाईंच्या नजरेत त्याला मीच जबाबदार होतो.

मग मी ठरवले, की डोळ्यांवर विसंबायचे नाही. बराच वेळ लाल पडद्याकडे पाहिले की डोळे त्या रंगाला सरावतात आणि अर्धवट लाल चेहराही अगदी नैसर्गिक वाटू लागतो. मग पाणी पिऊन परत आल्यावर धक्का बसतो. त्यापेक्षा आकडे बरे. एक्सपोजर खाली उतरवल्यावर तिच्या कपाळाचे आकडे होते लाल 238, हिरवा 42, निळा 58. आता हे न्यायचे कुठे, हे कळण्यासाठी तिचा खरा रंग हवा. त्याच संध्याकाळी, त्याच मेकअपमध्ये, ट्यूबलाइटखाली बक्षीस घेतानाचा तिचा एक फोटो माझ्याकडे होता. ट्यूबलाइटची हिरवट झाक हातातल्या प्रशस्तिपत्राच्या पांढऱ्या कागदावर टिचकी मारून काढली आणि कपाळाचे आकडे मिळाले: 190, 138, 108.

हा पुरावा मी घरच्यांसमोर ठेवला आणि चूक केली असे म्हणणार नाही, पण त्यानंतर जे सुरू झाले ते सुनावणीपेक्षा कमी नव्हते. बहीण म्हणाली, ती याहून उजळ आहे. मेहुणे म्हणाले, ती माझ्यावर गेली आहे, हाच रंग बरोबर. सासूबाईंनी मेहुण्यांचा बालपणीचा रंग साक्षीला काढला. खरी गंमत अशी, की त्या दिवशी मेकअपवाल्या बाईंनी सगळ्याच मुलींना एकाच डब्यातले पॅनकेक थापले होते, त्यामुळे चेहरा मनगटापेक्षा दोन छटा उजळ होता आणि आम्ही ज्यावर भांडत होतो तो रंग मुळात त्या डब्याचा होता. “मग हातही चेहऱ्यासारखे कर,” अशी बहिणीने तडजोड सुचवली. ती मी फेटाळली. दिव्याने केलेला बिघाड काढणे हे माझे काम. मुलीचा रंग बदलणे हे कोणाचेच काम नाही, आणि आपल्याकडे फोटोतल्या मुलीला उजळ करण्याची जी सवय आहे तिला मी हातभार लावणार नव्हतो.

आता मुख्य कारागिरी. Channel Mixer नावाच्या खिडकीत एका घटकाचा माल दुसऱ्यात ओतता येतो. लाल घटकात तपशील भरपूर होता, म्हणून हिरवा आणि निळा त्याच्याच जिवावर उभे करायचे. लाल 80 टक्क्यांवर आणला की 238 चे 190 होतात. हिरव्यात लालचे 50 टक्के आणि त्याचे स्वतःचे 45 टक्के मिसळले की 119 आणि 19 मिळून 138. निळ्यात लालचे 40 टक्के आणि स्वतःचे 22 टक्के मिसळले की 95 आणि 13 मिळून 108. हिशेब अगदी पैशापर्यंत जुळला आणि पडद्यावर कपाळ खरोखरच माणसाच्या रंगाचे झाले. मी खुर्चीत मागे रेललो, एवढ्यात भाची डोकावून म्हणाली, “मामा, माझे दात असे काय?”

दात कपाळाच्या रंगाचे झाले होते. डोळ्यांतला पांढरा भागही कपाळाच्या रंगाचा. ओठांचे मूळचे आकडे 230, 30, 45 होते, त्यांचे झाले 184, 128, 102, म्हणजे तेही कपाळच. अर्थात दुसरे काही होणे शक्यच नव्हते. तिन्ही घटक एकाच घटकातून काढले, की प्रकाश आणि अंधार यांतला फरक उरतो, रंगारंगांतला फरक उरत नाही. ओठ आणि गाल यांतला भेद मुख्यतः हिरव्या प्रकाशात दिसतो, कारण त्वचेखालचे रक्त हिरवा प्रकाश शोषते, आणि हिरवा प्रकाश तर तिथे नव्हताच. तेव्हा इथून पुढे जे करायचे ते दुरुस्ती नसून रंगकाम आहे, हे मनाशी मान्य करून मी नवा थर घेतला, त्याची पद्धत Color ठेवली, म्हणजे उजेड-सावली मूळची राहते आणि फक्त रंग बदलतो, आणि बक्षिसाच्या फोटोतून रंग उचलून ओठ, दात, डोळे हलक्या कुंचल्याने भरले. टिकलीची मात्र कडासुद्धा उरलेली नव्हती. ती मी सरळ त्याच फोटोतून उचलून कपाळावर चिकटवली. सासूबाईंनी ती पाहून मान डोलावली. तिच्या उगमाविषयी त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

राहिला निळा गाल. तिथे आकडे होते 36, 48, 225, आणि त्वचा निळा प्रकाश फारच थोडा परतवते, म्हणून तो भाग अंधारा आणि दाणेदार होता. तीच मिसळण्याची युक्ती निळ्यावर केली तेव्हा पॅनकेकचे सगळे फटकारे, एक होऊ घातलेली पुटकुळी आणि डासाचा एक जुना चावा ठळकपणे वर आले, कारण निळ्या प्रकाशात त्वचेवरचे सगळे डाग गडद होतात. लाल प्रकाश जितका मायाळू, तितका निळा चोंबडा. तेव्हा मी नाकाच्या कडेने मऊ काठाचा मास्क घेतला, त्या बाजूची रंगाची तीव्रता निम्म्यावर आणली, उजेड थोडा उतरवला आणि तो गाल निळसर सावली म्हणून राहू दिला. सावली निळसर असली तर कोणाला खटकत नाही. नाक निळे असले तर सगळ्यांना खटकते. नाकाच्या शेंड्यावर लाल घटक 255 ला भिडून सपाट झाला होता, तिथे मात्र काहीच परत आणता येण्यासारखे नव्हते, म्हणून तिथे थोडी चमक ठेवली.

उरलेला लालसरपणा मी मुद्दामच पूर्ण काढला नाही. मागचा पडदा आणि टोपलीतले कागदी मासे लाल असताना मधल्या मुलीवर भरदुपारचा उजेड दिसला, तर ती तिथे नाचली यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. साडीला थोडा पोपटी रंग चढवला, गजरा फिकट गुलाबी ठेवला आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन चौकातल्या फोटो लॅबमध्ये गेलो.

काउंटरवरच्या मुलाने ती पडद्यावर उघडली, क्षणभर पाहिले आणि माऊसकडे हात नेत अत्यंत सेवाभावाने म्हणाला, “काका, फोटो जरा लाल मारतोय. ऑटो करेक्शन टाकून देऊ? पैसे नाही लागणार.”

मी त्याचे मनगट धरले.